पांढऱ्या एकवीस, काळ्या सात: एका पाकिटाची गोष्ट

कसारा लोकलने खर्डी सोडलं की उंबरमाळी येतं. इथे काय किंवा मुरबाडच्या पाड्यांवर काय, आशाताईंच्या पिशवीत एक पाकीट असतंच: ‘माला-एन’. आत २८ गोळ्या. २१ पांढऱ्या आणि ७ गडद तपकिरी, ज्यांना बोलताना सगळे काळ्याच म्हणतात. हे दोन रंग आले कुठून?

१९६० साली अमेरिकेत ‘एनोव्हिड’ ही पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. ती साध्या बाटलीत यायची. वीस दिवस घ्यायची, थांबायचं, परत सुरू करायची. आज घेतली की नाही, यावरून घरात वाद! डेव्हिड वॅग्नर हा चार मुलांचा बाप, पेशाने इंजिनिअर. त्याने बायकोसाठी कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. मग त्यातूनच दिवस दाखवणारी प्लास्टिकची डबी बनवली. १९६४ मध्ये तिचं पेटंट मिळालं. मोजायचं काम डोक्यातून पाकिटावर गेलं, ते असं.

आपल्या पाकिटात हेच काम रंग करतो. पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन असतात, त्यांच्यामुळे बीज बाहेर पडत नाही. काळीत हार्मोन नाहीच, फक्त लोह. त्या सात दिवसांत हार्मोन थांबतं म्हणून पाळी येते. काळी गोळी रक्ताला लोह देते आणि रोजची सवय मोडू देत नाही.

आता खरी गडबड कुठे होते ते बघा. समजा, एका वहिनींच्या काळ्या गोळ्या रविवारी संपल्या. पाळी अजून चालू होती, म्हणून त्या म्हणाल्या, "थांबू दे, मग नवीन पाकीट काढते." गुरुवारी काढलं. म्हणजे हार्मोनशिवाय सातऐवजी दहा दिवस गेले. सात दिवसांत बीजकोश पूर्ण जागा होत नाही, पण सुट्टी लांबली की बीज बाहेर पडू शकतं. पाळी असो वा नसो, नवीन पाकीट सोमवारीच सुरू व्हायला हवं होतं.

म्हणून काळी चुकली तर काळजी नाही, ती टाकून द्या. एक पांढरी चुकली तर आठवताच घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. लागोपाठ दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या तर एक लगेच घ्या, रोजची चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. हे शेवटच्या सात पांढऱ्यांमध्ये झालं, तर पांढऱ्या संपवून काळ्या वगळा आणि थेट नवीन पाकीट उघडा. वहिनींसारखा उशीर झाला तरी तेच: लगेच सुरू, सात दिवस कंडोम. दरम्यान संबंध आला असेल तर लगेच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

एक लक्षात ठेवा, हा हिशोब याच पाकिटाचा. मेडिकलमधल्या काही पाकिटांत २१च गोळ्या असतात, काहींत रंगीत गोळ्यांतही हार्मोन असतं. तिथे रंगावर जाऊ नका, मागचा मजकूर वाचा.

भेटू पुढच्या भागात!