तक्त्यातला तिसरा रकाना

1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या शेवटी एक लांबलचक तक्ता जोडलेला आहे. दंड संहितेतील प्रत्येक गुन्हा त्यात एका ओळीत मांडला आहे. पहिल्या रकान्यात कलमाचा क्रमांक, दुसऱ्यात गुन्ह्याचे नाव आणि तिसऱ्यात एकाच प्रश्नाचे उत्तर: पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येईल की नाही. पुढच्या रकान्यांत जामीन, शिक्षा आणि खटला कोणत्या न्यायालयात चालेल हे येते. वकील मंडळी हा तक्ता गरजेपुरता उघडतात आणि मिटतात. मी वकील नाही. टिळकांच्या खटल्यांचे कागद वाचताना त्याच्यापाशी पोहोचलो आणि तिसऱ्या रकान्यात अडकून पडलो.

ज्या ओळीत या रकान्याचे उत्तर ‘होय’ असे असते तो गुन्हा दखलपात्र, जिथे ‘नाही’ तो अदखलपात्र. नुसत्या अटकेपुरता हा फरक नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ठाणेदाराने ती नोंदवायची, स्वतःच्या अधिकारात तपास सुरू करायचा, गरज पडली तर संशयिताला पकडायचे. अदखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर तिचा सारांश वहीत लिहायचा आणि खबर देणाऱ्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचे. मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय तपासाला हात लावायचा नाही. तसा हुकूम मिळाला तरी पोलिसाला बाकी सगळे अधिकार मिळतात, वॉरंटशिवाय अटकेचा मात्र मिळत नाही. आज ठाण्यात ‘एनसी घेतली’ असे म्हणतात ती याच वहीतली नोंद.

पुष्कळांची समजूत अशी की गंभीर गुन्हा तो दखलपात्र आणि किरकोळ तो अदखलपात्र. तक्ता वाचला की ही समजूत डळमळते. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे, तरी ती दखलपात्र. न्यायालयात खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, पहिली बायको असताना दुसरे लग्न करण्यालाही सात वर्षांपर्यंत, पण दोन्ही अदखलपात्र. शिक्षेच्या आकड्यावरून हा हिशेब उलगडत नाही. निकड हा शब्द लावला की बऱ्याच अंशी उलगडतो. चोर पळून जातो आणि त्याच्याबरोबर मालही जातो, म्हणून शिपायाने त्याला तिथल्या तिथे धरावे. खोटी साक्ष मात्र न्यायालयाच्या दप्तरात लिहिलेली असते, ती कुठे पळणार? दुसऱ्या लग्नाचा वाद घरातला, त्यात शिपायाने आपणहून शिरू नये. (दंड संहितेबाहेरच्या कायद्यांसाठी तक्त्याच्या शेवटी शिक्षेच्या वर्षांवरून ठरवणारा एक सरसकट नियम आहे, आणि ‘गंभीर तो दखलपात्र’ ही समजूत बहुधा तिथूनच पसरली असावी.)

आता याच तक्त्यात कलम 124-अ ची ओळ पाहू. राजद्रोहाचे हे कलम 1860च्या मूळ दंड संहितेत नव्हते, ते 1870 साली घातले गेले. कमाल शिक्षा जन्मठेप काळे पाणी. ब्रिटिश राज्याला याहून झोंबणारा गुन्हा शोधून सापडला नसता. तरीही तिसऱ्या रकान्यात उत्तर ‘नाही’. पितळी तांब्या उचलणाऱ्याला साधा शिपाई धरू शकत होता, पण ‘केसरी’च्या संपादकाला धरायचे तर मॅजिस्ट्रेटचे वॉरंट लागे. शिवाय याच संहितेच्या कलम 196 नुसार सरकारच्या अधिकाराने केलेल्या फिर्यादीशिवाय न्यायालयाला खटल्याची दखलही घेता येत नसे. म्हणजे संपादक आणि तुरुंग यांच्यामध्ये दोन दारे होती: एक सरकारच्या मंजुरीचे आणि दुसरे मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटचे.

अशीच दारे आधीच्या संहितेतही होती, आणि ती प्रत्यक्षात कशी उघडली ते 1897 मध्ये दिसते. आक्षेप घेतला गेला तो मजकूर ‘केसरी’त 15 जूनला छापून आला. 22 जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी टिळकांकडे बोट दाखवले. सरकारच्या मनात काय होते याबद्दल शंका नको, तरी पुण्याच्या पोलिसांनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना उचलले नाही, कारण या कलमाखाली त्यांना ते करताच येत नव्हते. आधी सरकारची मंजुरी, मग सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर बेग यांच्या नावाने मुंबईच्या चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद, मग वॉरंट. टिळकांना मुंबईत अटक झाली ती 27 जुलैला. मजकूर छापून आल्यापासून बेचाळीस दिवस गेले होते.

खटल्यात बचाव पक्षाने याच मंजुरीला हात घातला. मंजुरीच्या कागदात नेमके कोणते लेख आक्षेपार्ह ते सांगितलेले नाही, असा मुद्दा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तो मानला नाही. सप्टेंबरात ज्युरीच्या सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आक्षेप फेटाळला गेला हे खरे, पण तो घेता आला हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारने काय वाचून मंजुरी दिली, हे भर न्यायालयात विचारण्याची सोय त्या कागदाने करून दिली होती.

1908 मध्ये हीच चाल पुन्हा दिसते. ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख 12 मेचा आणि अटक 24 जूनची, म्हणजे मधे त्रेचाळीस दिवस. 9 जूनच्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखासाठी पहिली मंजुरी चालली नाही, तिच्यासाठी वेगळी मंजुरी आणि वेगळी फिर्याद करावी लागली. ‘केसरी’च्या कचेरीची झडती झाली तीही वॉरंट काढून. याच झडतीत स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावे लिहिलेले ते प्रसिद्ध पोस्टकार्ड सापडले आणि पुढे ज्युरीपुढे ठेवले गेले.

यावरून ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मंजुरी देणारे सरकार आणि खटला भरणारे सरकार एकच होते, मॅजिस्ट्रेटने वॉरंट नाकारले नाही, आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा व्हायची ती झालीच. शिवाय सरकारला ही दारे नकोशी वाटली की ते सरळ दुसऱ्या वाटेने जाई. 1897च्या त्याच जुलैत पुण्याच्या नातू बंधूंना 1827च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलून स्थानबद्ध केले. तिथे खटला नाही, आरोपही नाही. पण म्हणूनच रकान्याचे महत्त्व कळते. टिळकांच्या बाबतीत कोणी ठरवले, कधी ठरवले, कोणत्या लेखावरून ठरवले, हे आज शंभराहून अधिक वर्षांनी मी कागदावर तारखेसह दाखवू शकतो. निर्णय वरच्या पातळीवर झाला आणि त्यावर कोणाची तरी सही आहे. एखाद्या ठाण्यातल्या अंमलदाराच्या रागालोभावर तो सोपवलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर कलम 124-अ राहिले. 1962 साली केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण त्याला आवर घातला. सरकारवरची टीका कितीही कडक असो, हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा कल असल्याशिवाय राजद्रोह होत नाही, असा तो अर्थ. म्हणजे कलम वाचायचे कसे हा आता बारकाईचा प्रश्न झाला होता. बोलणाऱ्याचे शब्द आणि त्यांचा परिणाम दोन्ही तोलून पाहणे आले.

त्यानंतर 1973ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. तिच्या पहिल्या अनुसूचीत कलम 124-अ च्या ओळीपुढे ‘दखलपात्र’ असे छापले गेले. परक्या सरकारने जे केले नव्हते ते प्रजासत्ताकाच्या संसदेने केले. दंड संहितेतल्या कलमाचा एक शब्दही बदलला नाही, बदलला तो तक्त्यातला एक रकाना.

मंजुरीचे काय झाले? ती कलम 196 मध्ये राहिली, आणि इथेच खरी मेख आहे. मंजुरी लागते ती न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यापूर्वी. गुन्हा अदखलपात्र होता तेव्हा सगळे सरकारी फिर्यादीपासूनच सुरू व्हायचे, म्हणून मंजुरी आपोआप अटकेच्या आधी यायची. गुन्हा दखलपात्र झाल्यावर खबर, तपास, अटक, कोठडी हे सगळे आधी घडते आणि मंजुरीचा प्रश्न आरोपपत्राच्या वेळी येतो. पहिले दार काढून टाकले गेले आणि दुसरे घराच्या मागच्या बाजूला नेऊन बसवले. मंजुरी मिळाली नाही तर खटला पडतो, पण तोवर माणूस आत जाऊन आलेला असतो.

मुंबईतच याचे उदाहरण घडले. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या चित्रांवर एका खासगी व्यक्तीने 2011च्या अखेरीस तक्रार केली आणि पोलिसांनी इतर कलमांबरोबर 124-अ लावले. सप्टेंबर 2012 मध्ये त्यांना अटक झाली. 1897 शी ताडून पाहा: तिथे सरकारला स्वतः फिर्यादी व्हावे लागले होते, इथे एका नागरिकाची खबर आणि एका ठाण्याचा निर्णय पुरला. उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि पुढे सरकारनेच राजद्रोहाचे कलम मागे घेण्याची तयारी दाखवली. मार्च 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की या चित्रांना 124-अ लागतच नाही. शिवाय हे कलम लावण्याआधी पोलिसांनी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे लेखी, कारणांसह मत घ्यावे आणि दोन आठवड्यांत सरकारी वकिलाचेही मत घ्यावे, असे ठरले. त्याच वर्षी राज्य सरकारने तसे परिपत्रक काढले. मला हे परिपत्रक वाचताना 1897ची मंजुरी आठवली. तक्त्यातून काढलेले दार एका परिपत्रकाने, तेही बिनकडीचे, परत बसवण्याचा तो प्रयत्न होता. संहिता शिपायाला अधिकार देते, परिपत्रक फक्त तो जपून वापर म्हणते.

2022 मध्ये हेच दिल्लीत घडले. कलमाच्या वैधतेची सुनावणी चालू असताना केंद्र सरकारने सुचवले की, गुन्हा दखलपात्र असल्याने नोंद रोखता येणार नाही, पण पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने आधी तपासून पाहावे. 11 मेच्या आदेशात न्यायालय त्याच्या पुढे गेले आणि 124-अ ची अंमलबजावणीच स्थगित ठेवली.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. कलम 152 आहे. ते देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल बोलते, आणि शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. याच्या वैधतेवर वाद चालू आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. मी सवयीने नव्या प्रक्रिया संहितेची अनुसूची उघडून रकाना पाहिला. 152 दखलपात्रच आहे आणि मंजुरी, आता कलम 217 मध्ये, पूर्वीसारखीच खटल्याच्या दाराशी उभी आहे. नव्या संहितेत कलम 173 मध्ये एक सोय मात्र केली आहे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. कलम 152 ची शिक्षा सातवर आणि त्याच्याही पुढे जन्मठेपेपर्यंत जात असल्यामुळे ते या सोयीच्या बाहेर राहते.