विसर्जन

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. निघताना बायका गाणी म्हणतात. ताल फुगडीचा असतो, शब्द मात्र माहेरवाशिणीच्या पाठवणीचे. म्हणून पाण्याजवळ आवाज दाटून येतो.

‘विसर्जन’ या शब्दातही अशीच जोडी आहे. संस्कृत ‘सृज्’ म्हणजे सोडणं आणि निर्माण करणंही. त्यातूनच ‘सृष्टी’ आणि ‘सर्जन’ आले. ‘वि’ लागला की सोडण्याचा अर्थ ठळक होतो. विसर्जन म्हणजे मुळात निरोप देणं. पाण्यात बुडवणं हा अर्थ रूढीने चिकटला. उत्तरपूजेत अक्षता वाहून निरोप देतानाच पुन्हा येण्याचं आवतण देतात. गाणं तेच आवतण नाचत देतं. घरी रिकामा पाट उरतो.