गृहनिर्माण संस्थेचे दुरुस्ती कर्ज आणि सभासदाची थकबाकी

सहकारी गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाला व्यवहारात दुरुस्ती कर्ज म्हणतात. या कर्जाची ऋणको संस्था असते, सभासद नव्हे. सभासदाच्या वाट्याला येणारी रक्कम हे त्याचे संस्थेला असलेले देणे ठरते. त्यामुळे ती थकल्यास वसुली बँक करत नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्था करते. गृहनिर्माण संस्थांसाठी या अधिनियमात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण (१३-ब) घालण्यात आले. या वसुलीची तरतूद त्यातील कलम १५४ब-२९ मध्ये आहे. पूर्वी हीच वसुली कलम १०१ खाली होत असे आणि बोलण्यात आजही तिला 'एकशे एकची वसुली' असे म्हटले जाते.

कर्जाचा निर्णय

गळणारी गच्ची, तडकलेले स्तंभ किंवा गंजलेल्या सळया यांची दुरुस्ती मासिक देखभाल वर्गणीतून भागत नाही. आदर्श उपविधींनुसार संस्था बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दराने दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के दराने सिंकिंग फंड गोळा करते. अनेक जुन्या संस्थांत हे निधी वर्षानुवर्षे पुरेसे जमा झालेले नसतात आणि तूट कर्जाने भरून काढावी लागते. कर्जाचा व खर्चाचा निर्णय व्यवस्थापक समितीने परस्पर न घेता तो सर्वसाधारण सभेत ठरावाने घ्यावा लागतो. संस्थेच्या कर्ज घेण्यावर अधिनियमाच्या कलम ४३ ने मर्यादा घातली आहे. ती ओलांडावयाची असल्यास निबंधकाची पूर्वपरवानगी लागते.

वाटा कसा ठरतो

पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार, तर सेवा शुल्क सर्व सदनिकांवर समान आकारले जाते. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मात्र आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठरते. हा फरक एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतो.

एका संस्थेत बारा सदनिका आहेत. त्यांपैकी आठ प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या आणि चार प्रत्येकी ८०० चौरस फुटांच्या आहेत, म्हणजे एकूण क्षेत्रफळ ७,२०० चौरस फूट होते. दुरुस्तीचा खर्च १८ लाख रुपये असून संस्थेच्या निधीत ६ लाख आहेत. उरलेल्या १२ लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर बँकेचा मासिक हप्ता सुमारे २६,६९३ रुपये येतो. क्षेत्रफळानुसार लहान सदनिकेचा मुद्दलातील वाटा ८३,३३३ रुपये व मासिक हप्ता सुमारे १,८५४ रुपये होतो. मोठ्या सदनिकेचा वाटा १,३३,३३३ रुपये आणि हप्ता सुमारे २,९६६ रुपये होतो. हेच कर्ज सर्वांवर समान वाटले असते, तर प्रत्येकाचा वाटा एक लाख झाला असता आणि लहान घराच्या मालकाला १६,६६७ रुपये अधिक सोसावे लागले असते. म्हणून थकबाकीची रक्कम तपासताना प्रथम ठरावात वाटणीचा कोणता आधार घेतला आहे, हे पाहावे लागते.

हप्ता थकल्यावर

एका सभासदाने पैसे दिले नाहीत म्हणून बँकेचा हप्ता कमी होत नाही. वरील संस्थेत लहान सदनिकेचा एक सभासद थांबला, तर दरमहा १,८५४ रुपयांची तूट पडते. ती संस्थेला अन्य निधीतून भरावी लागते किंवा इतर सभासदांकडून उचल घेऊन भागवावी लागते. याच कारणामुळे एका घराची थकबाकी शेजाऱ्यांमधील कटुतेचे कारण बनते.

थकीत रकमेवर सर्वसाधारण सभेने ठरविलेल्या दराने व्याज लागते. आदर्श उपविधींनुसार ते सरळव्याज असून दरसाल २१ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. वरील सभासदाने सलग बारा हप्ते भरले नाहीत, तर मुद्दल थकबाकी २२,२४८ रुपये होते. पहिला हप्ता देय झाल्यापासून वर्ष पूर्ण होताना तिच्यावरील २१ टक्के दराने सरळव्याज सुमारे २,५३१ रुपये होते. व्याजावर व्याज आकारून ही रक्कम फुगवली असेल, तर हिशेब चुकीचा आहे. देय रक्कम तीन महिन्यांत न भरणारा सभासद 'थकबाकीदार' ठरतो व समितीची निवडणूक लढविण्यास अपात्र होतो. संस्थेचे देणे फेडल्याशिवाय त्याला सदनिकेचे हस्तांतरणही साधारणतः करता येत नाही.

वसुली दाखला

मागणी नोटिसांनंतरही रक्कम न मिळाल्यास संस्था निबंधकाकडे थकबाकीचे विवरणपत्र, ठरावाची प्रत व नोटिसा जोडून अर्ज करते. निबंधकाचे हे अधिकार तालुका पातळीवर उपनिबंधक किंवा सहाय्यक निबंधक वापरतात. त्यामुळे बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या ठिकाणच्या संस्थेलाही मुंबईतील संस्थेप्रमाणेच आपल्या तालुक्याच्या निबंधक कार्यालयात जावे लागते. निबंधक सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन चौकशी करतो. रक्कम खरी आढळल्यास तो वसुली दाखला देतो. हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि त्यातील रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असल्यामुळे हिशेबाबाबतचे आक्षेप याच टप्प्यावर लेखी देणे महत्त्वाचे असते. ठराव बेकायदेशीर असल्याचा मूळ वाद कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात मांडता येतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याच्यासाठी ही अट सर्वांत मोठा अडथळा ठरते.

जप्ती व लिलाव

दाखल्यानंतर विशेष वसुली अधिकारी कलम १५६ व सहकारी संस्था नियम, १९६१ च्या नियम १०७ प्रमाणे कारवाई करतो. प्रथम मागणी नोटीस, मग जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती आणि शेवटी जाहीर लिलाव असा तिचा क्रम असतो. विक्रीची उद्घोषणा प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवस उलटल्याशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. लिलाव झाल्यावरही घर लगेच जात नाही. तीस दिवसांच्या आत संपूर्ण थकबाकी, व्याज व खर्च आणि खरेदीदारासाठी विक्रीच्या रकमेच्या पाच टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द करून घेता येते. घर विकलेच गेले, तर देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम सभासदाची असते.

दाखला फक्त देय झालेल्या रकमेचा असतो, पुढील हप्त्यांचा नाही. सातत्याने थकबाकी ठेवणाऱ्या सभासदाला कलम ३५ खाली संस्थेतून काढून टाकता येते. मात्र त्यासाठी सभेला उपस्थित असलेल्या व मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांच्या किमान तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव, सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी आणि निबंधकाची मान्यता या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. वसुलीचा मार्ग कायद्याने असा आखून दिला असल्याने सभासदाचे नळजोड तोडणे किंवा त्याला जिन्यातून अडवणे ही वसुलीची रीत ठरत नाही.