गर्भधारणेसाठी तपासणी केव्हा करावी? वय आणि पाळीचे अंतर महत्त्वाचे

गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या दांपत्याने एक वर्ष वाट पाहावी आणि त्यानंतरच डॉक्टरांकडे जावे, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. नियमित शरीरसंबंध आणि कोणतेही गर्भनिरोधक नसताना १२ महिन्यांत गर्भ न राहिल्यास त्या स्थितीला वंध्यत्व म्हणावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या या नियमामागे आहे. मात्र हा नियम पत्नीचे वय ३५ वर्षांपेक्षा कमी असून तिची पाळी नियमित आहे, असे गृहीत धरून केलेला आहे. या दोहोंपैकी एक गोष्ट जरी बदलली, तरी वर्षाची मुदत लागू राहत नाही. प्रत्यक्षात ही अट सांगायची बहुधा राहून जाते. त्यामुळे ज्यांनी थांबायला हरकत नाही अशी जोडपी घाईने तपासण्या करून घेतात आणि ज्यांनी थांबू नये ती थांबून राहतात.

वर्षाची मुदत ठरण्याचे कारण साधे आहे. नियमित पाळी असलेल्या तरुण स्त्रीला वर्षभरात सुमारे १३ वेळा गर्भधारणेची संधी मिळते. दर वेळी ही संधी बीजमोचनाचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, अशी जेमतेम सहा दिवसांची असते. इतक्या संधी मिळाल्यावर शंभरांपैकी सुमारे ८५ जोडप्यांना वर्षाच्या आत गर्भ राहतो. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढील वर्षात, बहुतेकदा कोणत्याही उपचाराविना दिवस जातात. म्हणूनच २४ वर्षांच्या, दर २८ ते ३० दिवसांनी पाळी येणाऱ्या विवाहितेला लग्नानंतर सहाव्या महिन्यात, घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर तपासण्यांच्या फेऱ्यात टाकण्याचे वैद्यकीय कारण नसते.

महिने मोजण्याची सुरुवात लग्नाच्या तारखेपासून होत नाही. गर्भनिरोधक बंद केल्यापासून आणि पती-पत्नी प्रत्यक्ष एकत्र राहत असल्यापासून ती होते. सैन्यदलात, जहाजावर किंवा परगावी नोकरीस असलेला पती वर्षातून दोन महिनेच घरी येत असेल, तर त्या जोडप्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली तरी प्रयत्नांचे महिने थोडेच भरतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी बंद केल्यावर प्रजननक्षमता लवकर परत येते. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने उपलब्ध झालेल्या तिमाही इंजेक्शनानंतर मात्र शेवटच्या मात्रेपासून सात ते दहा महिने लागू शकतात. त्या काळात दिवस न जाणे म्हणजे वंध्यत्व नव्हे.

आता वयाचा प्रश्न. स्त्रीची सर्व बीजे ती जन्माला येतानाच अंडाशयात असतात, नव्याने तयार होत नाहीत. वयाच्या तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता हळूहळू घटते आणि पस्तिशीनंतर ही घट वेग घेते. गर्भपाताचे प्रमाणही याच काळात वाढू लागते. त्यामुळे ३५ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीने सहा महिने प्रयत्न करून दिवस न गेल्यास तपासणी करून घ्यावी आणि चाळिशी उलटलेल्या स्त्रीने प्रयत्न सुरू करतानाच डॉक्टरांना भेटावे, असा संकेत आहे. येथे सहा महिन्यांनी काही बिघाड झाला असे मानले जात नाही. ३७ वर्षांच्या, नियमित पाळीच्या कित्येक स्त्रियांना सातव्या-आठव्या महिन्यात आपोआप दिवस जातात. परंतु बिघाड असलाच तर तो कळण्यासाठी एक-दोन महिने आणि उपचारांसाठी त्याहून अधिक काळ लागतो. या वयात तो काळ परत मिळत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचे तंत्र वयाची भरपाई करते, हा समज येथे घातक ठरतो. त्या तंत्रातही स्त्रीचेच बीज वापरले जात असल्याने वयाचा परिणाम तसाच राहतो. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीच्या वयाची कमाल मर्यादा ५० वर्षे ठेवली आहे. ती कायद्याची मर्यादा आहे, स्वतःच्या बीजापासून गर्भ राहण्याची नव्हे.

पाळीचे अंतर हा दुसरा आणि अधिक दुर्लक्षित निकष आहे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर २१ ते ३५ दिवसांचे आणि दर महिन्यास साधारण सारखे असेल, तर बीजमोचन होत असण्याची शक्यता मोठी असते. अंतर ३५ दिवसांहून सतत जास्त, २१ दिवसांहून कमी किंवा दर वेळी वेगळे असेल, तर बीजमोचन उशिरा, क्वचित किंवा मुळीच होत नसावे, असा अर्थ निघतो. अशा स्त्रीने वय कितीही कमी असले तरी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. तीन महिने पाळी आलीच नाही, तर आधी गर्भचाचणी आणि ती नकारात्मक आल्यास लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. पत्नी ३१ वर्षांची, पती ३४ वर्षांचा. डिसेंबरमध्ये गर्भनिरोधक बंद केल्यावर पत्नीची पाळी ६ जानेवारी, १७ फेब्रुवारी, ८ एप्रिल, १९ मे आणि ५ जुलै या तारखांना आली. हे अंतर अनुक्रमे ४२, ५०, ४१ आणि ४७ दिवसांचे आहे. वय पस्तिशीच्या आत असल्याने जानेवारीपर्यंत थांबा, असे तिला सांगितले गेले. पण १८० दिवसांत तिला फार तर चार संधी मिळाल्या, जेथे नियमित पाळीच्या स्त्रीला सहा मिळाल्या असत्या. त्या चारही वेळा बीजमोचन झाले असेलच, याची खात्री नाही. झाले असले तरी ते कोणत्या दिवशी झाले, हे तिला ओळखता येण्यासारखे नव्हते. तारखा पाहता तिने एप्रिलमध्येच तपासणीस जाणे योग्य ठरले असते.

याच स्त्रीच्या बाबतीत एक ठरावीक चूक होऊ शकते. बीजमोचन झाले की नाही, हे पाहण्यासाठी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासतात आणि त्यासाठी सर्रास ‘एकविसावा दिवस’ लिहून दिला जातो. हा दिवस २८ दिवसांच्या पाळीपुरता खरा आहे. बीजमोचन पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी होते आणि प्रोजेस्टेरॉन सर्वाधिक असते ते पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी. पाळी ४२ दिवसांनी येत असेल तर बीजमोचन २८ व्या दिवसाच्या आसपास होणार. मग २१ व्या दिवशीचे रक्त कमी प्रोजेस्टेरॉन दाखवणार आणि अहवालावरून ‘बीज तयार होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघणार. तिच्यासाठी योग्य दिवस ३५ वा. अंतर बेभरवशाचे असल्याने त्यानंतर पाळी येईपर्यंत दर आठवड्याला चाचणी पुन्हा करावी लागते. एका मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त पातळी एकदा जरी मिळाली, तरी त्या वेळी बीजमोचन झाले असे मानतात.

लांबलेल्या पाळीचे भारतात सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस, ज्याला बोलीभाषेत पीसीओडी म्हटले जाते. थायरॉईडचा विकार आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ ही इतर कारणे साध्या रक्तचाचणीने कळतात. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिनचा दोष गोळ्यांनी सुधारतो. पीसीओएसमध्ये बीजमोचनासाठी लेट्रोझोल हे औषध पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात. २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी या औषधावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. अनियमित पाळी हे वंध्यत्वाच्या कारणांपैकी तुलनेने सहज उपचार होणारे कारण आहे. म्हणूनच त्यासाठी वर्ष वाया घालवणे अधिक खटकते.

उलट, नियमित पाळी म्हणजे सर्व काही ठीक, असेही नाही. गर्भनलिका बंद असली तरी पाळी वेळेवर येते. पूर्वी क्षयरोग झाला असेल, अपेंडिक्स फुटून शस्त्रक्रिया झाली असेल, गर्भ नलिकेत राहिला असेल किंवा पाळीत असह्य वेदना होत असतील, तर वय आणि अंतर न पाहता लवकर तपासणी करावी. जननेंद्रियांचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो. तो बहुधा नलिकांनाच ग्रासतो आणि पुष्कळदा अन्य कोणतेही लक्षण दिसत नाही. पाळीतील रक्तस्राव हळूहळू अगदी कमी होत जाणे, ही त्याची एक खूण असू शकते. तसेच २८-२९ दिवसांची पाळी पस्तिशीनंतर २४-२५ दिवसांवर आली, तर ती मर्यादेत असूनही अंडाशयातील साठा घटत असल्याचे ते लक्षण असू शकते.

हा साठा मोजण्यासाठी केली जाणारी एएमएच चाचणी हल्ली ‘फर्टिलिटी पॅकेज’ म्हणून सरसकट विकली जाते. औषध दिल्यावर किती बीजे वाढतील, याचा अंदाज ती देते. नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही, हे ती सांगत नाही. प्रयत्न सुरूच न केलेल्या स्त्रीने केवळ या आकड्यावरून धास्तावण्याचे किंवा निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

पतीची तपासणी पत्नीच्या सर्व चाचण्या संपल्यावर करण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत दिसते. ती सोडून द्यावी हे बरे. वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित आणि पहिल्याच भेटीत सांगता येण्यासारखी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे. त्याखालचा एकच अहवाल अंतिम मानत नाहीत. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेल्या टायफॉईडच्या तापाचा परिणामही आजच्या अहवालात दिसू शकतो. अशा वेळी अडीच-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. लहानपणी वृषण खाली न उतरणे, हर्नियाची शस्त्रक्रिया किंवा गालगुंडात वृषणांना आलेली सूज, असा इतिहास असलेल्या पुरुषाने ही तपासणी प्रयत्नांच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.

पहिल्या भेटीस जाताना मागील सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा लिहून न्याव्यात. ‘पाळी नियमित आहे’ या उत्तरापेक्षा त्या तारखा डॉक्टरांना अधिक सांगतात. ४५ दिवसांनी, पण दर वेळी ४५ दिवसांनीच येणाऱ्या पाळीलाही अनेक स्त्रिया नियमितच म्हणतात.