पंधरा वर्षांची कपात

नोकरदारांच्या तोंडी ‘पेन्शन विकणे’ हा शब्दप्रयोग आहे. कागदोपत्री त्यालाच निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात. पण हा विक्रीव्यवहार कुणाशीही करता येत नाही. 1871 च्या पेन्शन कायद्याने पुढे मिळणारे निवृत्तिवेतन आगाऊ दुसऱ्याच्या नावे करून देणे रद्दबातल ठरवले आणि सावकाराच्या जप्तीपासूनही त्याला वाचवले. त्याच कायद्यात एक वाट मात्र मोकळी ठेवली होती: पेन्शनरची संमती असेल तर त्याच्या निवृत्तिवेतनाच्या बदल्यात सरकार स्वतः एकरकमी पैसे देऊ शकेल. आजचा सारा व्यवहार त्या कलमातून वाढला आहे.

केंद्राच्या 1981 च्या नियमांत एक तृतीयांशापर्यंत हिस्सा विकता येई. पाचव्या वेतन आयोगानंतर मर्यादा 40 टक्के झाली. विकलेला हिस्सा मात्र पूर्वी कायमचा जाई. माणूस नव्वदीपर्यंत जगला तरी कपात चालूच राही. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1986 च्या निकालाने पंधरा वर्षांनंतर पूर्ण पेन्शन परत सुरू करण्यावर शिक्कामोर्तब झाले. रक्कम साधारण बारा वर्षांत वसूल होते, हे न्यायालयापुढे आले होते. पण पेन्शनर मध्येच वारला तर उरलेली वसुली सरकार सोडून देते, कुटुंबनिवृत्तिवेतनातूनही ती कापत नाही. या जोखमीपोटी पंधरा वर्षे राहिली.

खरा पेच पुढे आला. किती रक्कम द्यायची हे वयानुसार ठरलेल्या गुणकाच्या तक्त्यावरून काढतात. जुना तक्ता 4.75 टक्के व्याजाचा होता. सहाव्या वेतन आयोगानंतर 8 टक्क्यांचा आला. व्याज वाढले की गुणक घटतो. महाराष्ट्रात 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचे पुढच्या वाढदिवसाचे वय 59. त्याचा गुणक 10.46 वरून 8.371 झाला.

मूळ पेन्शन 30,000 धरा. 40 टक्के म्हणजे 12,000 विकले. 12,000 गुणिले 12 गुणिले 8.371, म्हणजे हाती 12,05,424 रुपये. दरमहा मूळ पेन्शन उरली 18,000, पण महागाई वाढ पूर्ण 30,000 वरच मिळते. पंधरा वर्षांत कापले जातात 21,60,000. जुन्या गुणकाने याच 12,000 चे 15,06,240 मिळाले असते, आणि कपात तेवढीच झाली असती. नुसती मुद्दल आता सव्वाआठ-साडेआठ वर्षांत फिटते, तेव्हा साडेदहा लागत. तक्ता बदलला, मुदत बदलली नाही. पाचव्या आयोगाने बारा वर्षे सुचवली होती, तीही स्वीकारली गेली नाही. मला ही मुदत आता फेरविचाराची वाटते.

तोवर पेन्शनरने एक तारीख जपून लिहून ठेवावी: कपात ज्या महिन्यापासून सुरू झाली ती. पंधरा वर्षे निवृत्तीच्या दिवसापासून नव्हे, तिथून मोजतात. मुदत भरल्यानंतरच्या महिन्यात मूळ पेन्शनचा आकडा 18,000 वरून 30,000 वर गेला नसेल, तर कोषागारात लगेच अर्ज द्यावा.