पाककृती-कार्डाची मांडणी

पाककृती-कार्ड : एका पदार्थाची सामग्री, कृती, लागणारा वेळ आणि छायाचित्र एकाच लहान पानावर देणारे सुटे छापील पत्रक. प्रचलित आकार ३ × ५ इंच, ४ × ६ इंच आणि ए६ (१०५ × १४८ मिमी). या नोंदीत उभ्या, एकाच बाजूला छापलेल्या ए६ कार्डाचा आणि देवनागरी मजकुराचा विचार केला आहे. पुस्तकातली पाककृती बसून वाचता येते. कार्ड मात्र ओट्यावर टेकवलेले असते, हात ओले असतात आणि नजर दीड-दोन फुटांवरून पडते. मांडणीचे बहुतेक संकेत यातूनच आले आहेत.

पूर्वपीठिका : सामग्रीची यादी कृतीपासून वेगळी काढण्याची पद्धत इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन यांच्या १८४५ मधील ग्रंथात ठळकपणे दिसते. त्यात ती कृतीच्या शेवटी येते. इझाबेला बीटन यांच्या १८६१ मधील ग्रंथात ती कृतीच्या आधी आली. या पद्धतीचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकमत नाही. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये सपाट भरलेल्या कपा-चमच्यांच्या मापांवर भर दिला. मराठीत वाटी-चमच्याच्या मापांची सवय घरोघरी रुजवण्यात कमलाबाई ओगले यांच्या *रुचिरा* (१९७०) या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

जागेचा हिशेब : मांडणीची सुरुवात अनेकदा फोटोपासून केली जाते आणि मजकूर उरलेल्या जागेत कोंबला जातो. हिशेब उलटा, म्हणजे ओळींपासून, करणे श्रेयस्कर. साबुदाण्याच्या खिचडीचे कार्ड उदाहरणादाखल घेऊ. वरचा ४८ मिमीचा पट्टा छायाचित्राला, १२ मिमी नावाला, १० मिमी वेळचिन्हांना, ८ मिमी खालच्या समासाला आणि ४ मिमी मधल्या मोकळ्या जागांना दिले, तर ६६ मिमी उरतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि रफार वर जातात, उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. त्यामुळे साडेआठ पॉइंटच्या टायपाला साडेबारा पॉइंटची ओळ लागते. रोमन लिपीच्या सवयीने दहा पॉइंट ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. साडेबाराच्या हिशेबाने ६६ मिमीत १५ ओळी बसतात. दोन्ही बाजूंना ८ मिमी समास सोडल्यावर रुंदी ८९ मिमी राहते. त्यात ३० मिमी सामग्रीला, ५५ कृतीला आणि ४ मधल्या फटीला.

कृतीच्या स्तंभात एका ओळीत सहा-सात शब्द मावतात. म्हणजे तीन-तीन ओळींच्या पाच पायऱ्या. खिचडी यात बसते, पुरणपोळी बसत नाही. तिला मोठे कार्ड द्यावे किंवा पुरणाचे कार्ड वेगळे करावे; टाइप सात पॉइंटवर आणणे हा उपाय नव्हे. सामग्री एका बाजूला आणि कृती पाठीमागे अशीही कार्डे आढळतात. त्यांत स्वयंपाक करणाऱ्याला पिठाच्या हाताने कार्ड उलटत बसावे लागते.

सामग्री : यादीचा क्रम वापराचा असावा, किमतीचा किंवा मापाचा नव्हे. खिचडीत साबुदाणा, दाण्याचे कूट, मीठ, साखर, तूप, जिरे, मिरच्या, बटाटा आणि शेवटी लिंबू, ओले खोबरे, कोथिंबीर असा क्रम लागतो, कारण कूट, मीठ आणि साखर भिजलेल्या साबुदाण्याला आधी चोळली जातात. अकरा जिन्नसांच्या अकरा ओळी होतात, चार उरतात. त्या मोकळ्या सोडाव्यात किंवा ‘वरून घालायला’ असा छोटा मथळा द्यावा.

छापील अपूर्णांक लहान टायपात वाचता येत नाहीत. मराठीत पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द असल्याने अडचण मुळातच टळते. काही फॉन्टांत १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, आणि मिरच्यांच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही.

कृती : पायऱ्यांचे आकडे ठळक आणि मजकुराच्या डावीकडे बाहेर काढलेले असावेत. दुसरी ओळ आकड्याखाली सरकली, की नजर हटल्यावर जागा सापडत नाही. मजकूर कसा आवळतात याचा नमुना :

मूळ : ‘साबुदाणा स्वच्छ धुऊन घ्यावा व पाणी काढून टाकून नंतर दाणे जेमतेम भिजतील एवढे पाणी ठेवून तो चार तास झाकून ठेवावा.’

कार्डावर : ‘साबुदाणा धुऊन निथळा. दाणे जेमतेम बुडतील इतके पाणी ठेवून झाका. ४ तास. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे.’

शब्द कमी करताना शेवटचे वाक्य उलट वाढवले आहे. साबुदाण्याच्या प्रतीप्रमाणे वेळ बदलतो, खूण बदलत नाही. म्हणून जागा कमी असली तरी खुणेचे वाक्य कापू नये. ‘घ्या’ की ‘घ्यावे’ याबाबत दोन्ही प्रघात आहेत.

वेळचिन्हे : सर्वाधिक चुका येथे होतात. सुरी म्हणजे तयारी आणि ज्योत म्हणजे शिजवणे ही दोन चिन्हे बहुतेक कार्डांवर असतात. खिचडीच्या कार्डावर ‘तयारी १५ मि., शिजवणे १५ मि.’ असे छापले, तर ते खोटे नसते. पण संध्याकाळी सात वाजता कार्ड हाती घेणाऱ्याला जेवण अकराच्या पुढे मिळते. भिजवणे, आंबवणे, मुरवणे यांसाठी वाळूच्या घड्याळाचे तिसरे चिन्ह हवे आणि ते पट्ट्यात सर्वांत डावीकडे हवे. नुसते घड्याळाचे चिन्ह एकूण वेळ दाखवते की शिजवण्याचा, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाखाली एक शब्द द्यावा.

वेळ यादीतही लपलेला असतो. ‘बटाटा १, उकडून, फोडी करून’ या एका ओळीत वीसेक मिनिटे आहेत. ती तयारीत धरली आहेत की बटाटा आधीच उकडलेला गृहीत धरला आहे, हे संपादकाने ठरवावे.

छायाचित्र : वर आणि दोन्ही बाजूंना कटिंगसाठी ३ मिमी ब्लीड धरल्यास वरच्या ४८ मिमीच्या पट्ट्याचे चित्र १११ × ५१ मिमी होते, म्हणजे ३०० डीपीआयला सुमारे १३११ × ६०२ पिक्सेल. साधा फोन एवढे सहज देतो. अडचण आकाराची आहे. पट्टा उंचीच्या दुपटीहून रुंद असल्याने सरळ वरून टिपलेले गोल ताट वर-खाली कापले जाते. वाडगा समोरून, थोड्या तिरक्या कोनातून घेतलेला बरा. पदार्थाचे नाव चित्रावर पांढऱ्या अक्षरांत छापण्याची हौस साबुदाण्यावर फसते, शिरोरेषाच दिसत नाही. चित्रात डाळिंबाचे दाणे असतील, तर ते यादीतही हवेत.

छपाई : मजकूर फक्त काळ्या शाईत छापावा. चार रंगांतून काळा केल्यास प्लेट किंचित सरकताच बारीक अक्षरांना रंगीत कडा येते. InDesign मध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसेल, तर जोडाक्षरे सुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली चमकते, मॅट चालते. प्रूफ स्क्रीनवर मोठे करून तपासू नये. मूळ आकारात छापून ओट्यावर ठेवावे आणि तो पदार्थ कधी न केलेल्या माणसाला त्यावरून करायला सांगावे. तो जिथे थांबून विचारतो, त्या पायरीचा मजकूर बदलावा.