घरगुती गेम सर्व्हर

घरगुती गेम सर्व्हर म्हणजे बहुखेळाडू संगणकीय खेळाचे सामाईक जग अखंड चालू ठेवणारा, घरातील आंतरजाल जोडणीवर चालवलेला स्वतंत्र संगणक. खेळाडूंच्या संगणकांवर खेळाची दृश्ये उमटतात; परंतु कोण कोठे आहे, कोणती वस्तू कोणाकडे आहे, याचा अंतिम निर्णय सर्व्हर करतो. बाहेरच्या खेळाडूला या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : सर्व्हरचा घरातील पत्ता स्थिर असणे, राउटरने विशिष्ट पोर्टवरील जोडणी त्या पत्त्याकडे वळवणे (पोर्ट फॉरवर्डिंग) आणि फायरवॉलने तिला आत येऊ देणे. प्रस्तुत लेखात ही रचना उबुंटू या प्रणालीवर चालणाऱ्या माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीच्या सर्व्हरच्या उदाहरणाने स्पष्ट केली आहे.

## पार्श्वभूमी

घरातील संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच यांना राउटर खासगी पत्ते देतो. १९९६ साली निश्चित झालेल्या RFC 1918 या मानकानुसार 10, 172.16 ते 172.31 आणि 192.168 यांनी सुरू होणारे पत्ते अशा खासगी वापरासाठी राखीव आहेत. आंतरजालावर मात्र संपूर्ण घर एकाच सार्वजनिक पत्त्याने ओळखले जाते. घरातून बाहेर गेलेल्या मागणीची नोंद राउटर ठेवतो व आलेले उत्तर नेमक्या उपकरणाकडे पोहोचवतो. याला पत्ता-रूपांतर म्हणतात.

बाहेरून आपणहून आलेल्या जोडणीची अशी पूर्वनोंद नसते. ती कोणत्या उपकरणासाठी आहे हे राउटरला कळत नाही आणि तो ती टाकून देतो. त्यामुळे आतून आंतरजाल उत्तम चालत असूनही बाहेरचा खेळाडू सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाही. ही पूर्वनोंद कायमस्वरूपी करून ठेवणे म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग.

## स्थिर स्थानिक पत्ता

राउटर उपकरणांना पत्ते ठरावीक मुदतीसाठी देतो. वीज जाऊन आल्यावर किंवा राउटर बदलल्यावर सर्व्हरला वेगळा पत्ता मिळू शकतो. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. काल चालणारा सर्व्हर आज अचानक सापडेनासा होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी एक पत्ता राखून ठेवणे. दुसरा, सर्व्हरवरच पत्ता कायमचा लिहिणे. दुसऱ्या प्रकारात निवडलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या कक्षेबाहेर असावा लागतो. समजा, राउटरचा पत्ता 192.168.1.1 आहे आणि तो 192.168.1.100 ते 192.168.1.199 हे पत्ते वाटतो. तर सर्व्हरसाठी 192.168.1.50 हा पत्ता योग्य ठरतो. 192.168.1.120 निवडल्यास तोच पत्ता एखाद्या भ्रमणध्वनीला दिला जाऊन दोन्हींची जोडणी अधूनमधून तुटण्याचा धोका राहतो.

## पोर्ट फॉरवर्डिंग

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती पूर्वनिर्धारित स्वरूपात टीसीपी या प्रकारच्या 25565 पोर्टवर चालते. बेडरॉक आवृत्ती मात्र यूडीपी प्रकारचे 19132 पोर्ट वापरते. पोर्टचा क्रमांक बरोबर असूनही प्रकार चुकल्यास जोडणी होत नाही. वरील उदाहरणात राउटरमधील नोंद अशी असते : बाहेरील पोर्ट 25565, आतील पत्ता 192.168.1.50, आतील पोर्ट 25565, प्रकार टीसीपी.

काही राउटरांत डीएमझेड नावाची सोय असते. तिच्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक अनोळखी जोडणी एकाच संगणकाकडे पाठवली जाते. एका पोर्टसाठी ती वापरणे म्हणजे खिडकी उघडण्याऐवजी भिंत पाडणे होय.

## फायरवॉलचे नियम

राउटरने जोडणी आत पाठवली तरी सर्व्हरवरील फायरवॉल ती अडवू शकते. उबुंटूमध्ये `ufw` या आज्ञेने नियम लिहिता येतात :

```
sudo ufw default deny incoming
sudo ufw allow from 192.168.1.0/24 to any port 22 proto tcp
sudo ufw allow 25565/tcp
sudo ufw enable
```

पहिला नियम येणारे सर्व काही अडवतो. दुसऱ्या नियमाने सर्व्हरची देखभाल फक्त घरातील संगणकांवरून करता येते; दुरून काम करताना हा नियम लिहिण्यापूर्वी फायरवॉल सुरू केल्यास देखभाल करणाराच बाहेर राहू शकतो. तिसरा नियम खेळाचे पोर्ट सर्वांना खुले करतो.

फायरवॉल खुल्या पोर्टमागील दोषांपासून संरक्षण देत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेला लॉगफोरशेल हा दोष याचे ठळक उदाहरण आहे. नोंदी ठेवणाऱ्या एका जावा ग्रंथालयातील या दोषामुळे, खेळातील गप्पांच्या चौकटीत विशिष्ट मजकूर लिहून असुरक्षित माइनक्राफ्ट सर्व्हरवर परक्या आज्ञा चालवता येत होत्या. हा मजकूर खुल्या ठेवलेल्या पोर्टमधूनच येत असल्याने फायरवॉल तो अडवत नव्हती; त्याच महिन्यात आलेल्या १.१८.१ या आवृत्तीत तो दोष दूर करण्यात आला. म्हणून सर्व्हर अद्ययावत ठेवणे, तो प्रशासकीय अधिकार नसलेल्या वेगळ्या खात्यातून चालवणे आणि `server.properties` या धारिकेत `white-list=true` लिहून केवळ परिचित खेळाडूंना प्रवेश देणे आवश्यक ठरते.

## दोषनिदान

चाचणी घराबाहेरील जोडणीवरून, उदाहरणार्थ भ्रमणध्वनीच्या डेटावरून, करावी लागते. घरात बसून सार्वजनिक पत्ता वापरल्यास अनेक राउटर ती जोडणी आत परत वळवत नाहीत. त्यामुळे सर्व काही ठीक असूनही चाचणी फसते.

खेळाडूच्या पडद्यावरील संदेशातून दोषाचा माग लागतो. `Connection refused` असा संदेश आल्यास जोडणी कोणत्यातरी उपकरणापर्यंत पोहोचली, पण तेथे त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. म्हणजे बहुधा खेळाचा सर्व्हर बंद आहे किंवा नियम चुकीच्या उपकरणाकडे बोट दाखवतो. `Connection timed out` आल्यास जोडणी वाटेत मूकपणे टाकली गेली. ती कोठे टाकली गेली, हे सर्व्हरवर पुढील आज्ञा चालू ठेवून बाहेरून प्रयत्न केल्यास कळते :

```
sudo tcpdump -ni any tcp port 25565
```

ही आज्ञा येणारी पाकिटे फायरवॉलच्या आधी टिपते. पाकिटे दिसली पण उत्तर गेले नाही, तर दोष बहुधा फायरवॉलमध्ये असतो. काहीच दिसले नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे असतो.

## मर्यादा

सार्वजनिक पत्त्यांच्या टंचाईमुळे भारतातील अनेक सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. अशा जोडणीत पत्ता-रूपांतर दोनदा होते : एकदा घरच्या राउटरमध्ये व एकदा पुरवठादाराकडे. पुरवठादाराच्या यंत्रणेत ग्राहकाला नोंद करता येत नसल्याने घरातील पोर्ट फॉरवर्डिंग अचूक असूनही निष्फळ ठरते.

ही स्थिती ओळखण्यासाठी राउटरच्या पानावरील बाह्य पत्ता आणि बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता यांची तुलना करतात. दोन्ही भिन्न असल्यास मध्ये आणखी एक रूपांतर आहे. राउटरचा बाह्य पत्ता 100.64.0.0 ते 100.127.255.255 या दरम्यान असल्यास ते बहुधा पुरवठादाराकडेच होत असते, कारण २०१२ साली हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवले गेले. पत्ता 192.168 ने सुरू होत असल्यास मात्र घरातच दुसरा राउटर किंवा राउटरप्रमाणे वागणारा मोडेम असू शकतो व त्यातही नोंद करावी लागते.

पुरवठादाराकडील रूपांतरावर उपाय म्हणजे त्याच्याकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेणे, किंवा सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या संगणकामार्फत जोडणी घरापर्यंत आणणे. दोन्ही बाजूंना आयपीव्ही६ उपलब्ध असल्यास पत्ता-रूपांतराची गरज उरत नाही. तथापि राउटर व सर्व्हर या दोन्हींच्या फायरवॉलमध्ये 25565 पोर्टला परवानगी द्यावी लागतेच.